मिक्सरच्या सूचनापुस्तिकेचे स्पॅनिश भाषांतर कसे करावे

स्पॅनिशचा अभ्यासक्रम पूर्ण करून मुंबईत भाषांतराची कामे घेऊ लागलेल्या माणसाकडे कधी ना कधी एखाद्या घरगुती उपकरणाची सूचनापुस्तिका येते. कथा-कादंबरीच्या भाषांतरात उपयोगी पडणारी शब्दांची विविधता येथे घातक ठरते, कारण ही पुस्तिका वाचणारी व्यक्ती स्वयंपाकघरात उभी असते, तिचा एक हात यंत्रावर असतो आणि आपले वाक्य वाचून झाले की ती लगेच काहीतरी करणार असते. त्या वाक्याने तिला नेमकी एक कृती सांगितली पाहिजे, ज्या भागावर ती कृती करायची त्याचे नाव पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच असले पाहिजे, आणि जे करायचे नाही ते करायच्या गोष्टीच्या आधी कळले पाहिजे.

उदाहरणासाठी येथे मिक्सर-ग्राइंडर घेतला आहे. तो आपल्या प्रत्येकाच्या ओट्यावर असतो, त्याला धारदार पाती आहेत, तो विजेवर चालतो आणि त्यात गरम पदार्थ टाकण्याचा मोह होतो. म्हणजे सुरक्षेचे बहुतेक प्रश्न एकाच यंत्रात भेटतात. समजा, वसईच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याला ७५० वॉटचा मिक्सर परदेशी पाठवायचा आहे आणि त्याची इंग्रजी पुस्तिका तुमच्याकडे आली आहे. काम कोणत्या क्रमाने करावे, ते पुढे सांगितले आहे. स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. जेथे नेमके टंकलेखन महत्त्वाचे आहे तेथे ते मूळ लिपीत दिले आहेत.

आधी देश विचारा

'स्पॅनिशमध्ये हवे आहे' एवढी माहिती काम सुरू करायला पुरेशी नसते. माल स्पेनला जाणार, मेक्सिकोला जाणार की आणखी कोठे, हे ग्राहकाकडून लेखी घ्यावे, कारण यंत्राचे नावच देशागणिक बदलते. मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात भांड्यात पाते फिरवून वाटणाऱ्या यंत्राला लिकुआदोरा म्हणतात. स्पेनमध्ये मात्र लिकुआदोरा म्हणजे फळांचा रस काढून चोथा वेगळा करणारे यंत्र, आणि आपल्या मिक्सरच्या जवळ जाणारे यंत्र म्हणजे बातिदोरा दे बासो. चिलीत त्याच यंत्राला हुगेरा म्हणतात. म्हणजे मेक्सिकोसाठी केलेले भाषांतर स्पेनला पाठवले, तर खोक्यावरचे नाव वाचून गिऱ्हाइकाला वेगळीच वस्तू मिळाल्यासारखे वाटेल.

देश ठरला की कायद्याची चौकटही ठरते. युरोपीय संघात कमी दाबाच्या विद्युत उपकरणांसाठी २०१४/३५/ईयू हा निर्देश लागू आहे, आणि सूचना व सुरक्षेची माहिती संबंधित सदस्य देशाने ठरवलेल्या, ग्राहकांना सहज समजेल अशा भाषेत द्यावी लागते. मेक्सिकोत नॉम-०२४-एससीएफआय-२०१३ हे मानक विद्युत व घरगुती उपकरणांची वेष्टने, सूचना आणि हमीपत्रे यांवरील माहितीसाठी आहे. ही मानके पाळण्याची जबाबदारी निर्मात्याची असते, भाषांतरकाराची नव्हे. तरीही ती आहेत हे ठाऊक असले म्हणजे योग्य प्रश्न विचारता येतात. पुस्तिकेला स्पेनमध्ये साधारणपणे मानुआल दे इन्स्त्रुक्सिओनेस म्हणतात, तर मेक्सिकोत इन्स्त्रुक्तिबो हा शब्द रूढ आहे, एवढी साधी गोष्टसुद्धा देश कळल्याशिवाय ठरत नाही.

यंत्र हातात घेऊन मूळ मजकूर वाचा

शक्य असेल तर ग्राहकाकडून तोच मिक्सर मागवावा. तो मिळाला नाही तर लोहार चाळीत विद्युत वस्तूंच्या दुकानांत मिळताजुळता नमुना पाहता येतो, आणि तेही जमले नाही तर घरचा मिक्सर तारेची पिन काढून ओट्यावर ठेवावा. पुस्तिकेतील प्रत्येक वाक्य वाचताना ती कृती हाताने करून पाहावी. भांडे कोणत्या दिशेला फिरवले की बसते, ओव्हरलोडचे बटण तळाशी आहे की मागे, झाकणाच्या रबराची कडा कोणत्या बाजूला येते, या गोष्टी पाहिल्याशिवाय अचूक क्रियापद निवडता येत नाही. 'फिट द जार' असे इंग्रजीत लिहिलेले असते, पण प्रत्यक्षात भांडे वरून ठेवायचे, मग फिरवायचे आणि खटका ऐकू आला की थांबायचे, अशा तीन हालचाली त्यात दडलेल्या असतात.

याच वाचनात मूळ मजकुरातील दोष सापडतात, आणि आपल्याकडे लिहिलेल्या पुस्तिकांमध्ये एक दोष असा आहे की जो भारताबाहेर गेल्यावरच दोष ठरतो. 'स्विच ऑफ फ्रॉम द मेन्स' हे वाक्य आपल्याला अगदी स्वाभाविक वाटते, कारण आपल्या घरातील प्रत्येक प्लगच्या शेजारी भिंतीवर स्विच असतो. स्पेन आणि मेक्सिकोतील भिंतीवरच्या सॉकेटला बहुधा असा स्विच नसतो. तेथील वाचक 'मेन्स बंद करा' हे शब्दशः वाचेल तेव्हा एक तर त्याला काय करायचे ते कळणार नाही, नाहीतर तो घराचा मुख्य ब्रेकर शोधेल, किंवा सर्वांत वाईट म्हणजे मिक्सरचे बटण शून्यावर आणून काम झाले असे समजेल आणि पिन भिंतीतच राहील. त्याच्यासाठी खरी सुरक्षित कृती पिन सॉकेटमधून काढणे हीच आहे.

तारेची पिन आणि वीजदाब यांचेही असेच आहे. पुस्तिकेतील चित्रात आपला गोल टोकांचा तीन पिनांचा प्लग असेल, तर तो स्पेनच्या किंवा मेक्सिकोच्या सॉकेटमध्ये बसणार नाही. भारतात आणि स्पेनमध्ये पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असतो. मेक्सिकोत घरगुती पुरवठा १२७ व्होल्ट, ६० हर्ट्झ असतो. मेक्सिकोला जाणाऱ्या पुस्तिकेत २३० हा आकडा दिसला, तर तो आपण होऊन बदलू नये आणि तसाच ठेवून गप्पही बसू नये. अशा सर्व गोष्टींची एक प्रश्नावली करून ग्राहकाला पाठवावी, प्रत्येक प्रश्नापुढे पान क्रमांक आणि मूळ वाक्य द्यावे, आणि लेखी उत्तर आल्यावरच तो भाग पूर्ण करावा. यंत्राच्या तांत्रिक माहितीत बदल करण्याचा अधिकार अभियंत्याचा आहे, आणि त्याच्या उत्तराची नोंद आपल्याकडे असली पाहिजे.

संज्ञासूची भाषांतराच्या आधी करा

येथे घाई करू नये. पुस्तिका एकदा पूर्ण वाचून त्यातील प्रत्येक भाग, प्रत्येक नियंत्रण आणि प्रत्येक कृती एका तक्त्यात लिहावी. तक्त्यात पाच रकाने पुरेसे आहेत: इंग्रजी संज्ञा, ठरवलेली स्पॅनिश संज्ञा, तिचे लिंग, चित्रातील क्रमांक आणि न वापरायचे शब्द. शेवटचा रकाना नवखे लोक बहुधा करत नाहीत, पण तपासणीच्या वेळी सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो.

इंग्रजी पुस्तिकेत एकाच वस्तूला कधी 'युनिट', कधी 'मशीन', कधी 'मोटर बेस', तर कधी नुसते 'मिक्सर' म्हटलेले असते. यातल्या काही शब्दांचा अर्थ संपूर्ण यंत्र असतो आणि काहींचा फक्त मोटर असलेला खालचा भाग. 'युनिट पाण्यात बुडवू नका' असे लिहिले, आणि भांडे मात्र पाण्याखाली धुवायचे असेल, तर वाचकाला विरोधाभास दिसेल. म्हणून संपूर्ण यंत्रासाठी आपारातो आणि खालच्या भागासाठी बासे मोतोर असे दोन शब्द ठरवून प्रत्येक 'युनिट' त्या दोघांपैकी कोणात जातो ते वाक्यागणिक तपासावे.

पिन आणि सॉकेट यांबाबत आणखी काळजी हवी. रोजच्या बोलण्यात एन्चुफे हा शब्द तारेच्या पिनेलाही वापरतात आणि भिंतीतल्या सॉकेटलाही. सुरक्षेच्या वाक्यात असा दुहेरी शब्द नको. पिनेसाठी क्लाबिहा ठरवावा, आणि सॉकेटसाठी स्पेनमध्ये तोमा दे कोर्रिएन्ते, मेक्सिकोत कोन्ताक्तो. फिरवण्याच्या बटणाला स्पेनमध्ये मान्दो तर मेक्सिकोत पेरिया, झाकणाच्या रबरी कड्याला स्पेनमध्ये हुन्ता तर मेक्सिकोत एम्पाके म्हणतात. भांड्याला स्पेनमध्ये हार्रा ठेवता येतो, मेक्सिकोत बासो जास्त ओळखीचा आहे. पाते दोन्हीकडे कुचिया आणि झाकण दोन्हीकडे तापा. चटणीच्या छोट्या भांड्याला आपण 'चटणी जार' म्हणतो, पण चटणी हा पदार्थ तेथे घरोघरी होत नाही. म्हणून 'लहान भांडे' अशा अर्थाचे हार्रा पेकेन्या हे नाव चित्राच्या क्रमांकासह द्यावे. मिक्सर-ग्राइंडर या जोडनावासाठी तेथे एकच रूढ शब्द सापडत नाही. भांड्याचे यंत्र आणि कोरडे दळण्याचे काम ही दोन्ही सांगणारे नाव ग्राहकाशी बोलून ठरवावे आणि खोक्यावरही तेच छापावे.

क्रियापदांचीही अशीच सूची करावी. बंद करण्याच्या तीन वेगवेगळ्या कृती आहेत. यंत्राचे बटण शून्यावर आणणे म्हणजे आपागार, तारेची पिन काढणे म्हणजे देसेन्चुफार, आणि विजेच्या पुरवठ्यापासून तोडणे म्हणजे देस्कोनेक्तार. तिसरा शब्द मोघम आहे, कारण कोणी तो पहिल्या अर्थाने घेईल आणि कोणी दुसऱ्या. मेक्सिकोत पिन काढण्यासाठी तोच अधिक ऐकू येतो, म्हणून तेथे तो वापरायचा असेल तर 'क्लाबिहा कोन्ताक्तोमधून काढा' असा कर्म आणि स्थान स्पष्ट करणारा पूर्ण वाक्यप्रयोग घ्यावा.

न वापरायच्या शब्दांच्या रकान्यात पहिल्या ओळीला रेमोबेर हे क्रियापद लिहून ठेवावे. इंग्रजी 'रिमूव्ह'शी साधर्म्य असल्यामुळे ते हाताखाली सहज येते, आणि लॅटिन अमेरिकेत 'काढणे' या अर्थाने ते चालतेही. पण स्पेनच्या स्वयंपाकघरात रेमोबेर म्हणजे ढवळणे. पदार्थ वाटण्याच्या यंत्राच्या पुस्तिकेत झाकण काढण्याच्या सूचनेत हे क्रियापद आले, तर वाचक क्षणभर तरी अडखळतो. त्याच पुस्तिकेत पुढे खरोखर ढवळण्याची सूचना असेल तर गोंधळ आणखी वाढतो. काढण्यासाठी रेतिरार हे क्रियापद दोन्हीकडे निर्धोक आहे. यंत्र चालवण्यासाठी ओपेरार ऐवजी उतिलिसार, म्हणजे वापरणे, हे जास्त नैसर्गिक वाटते.

आज्ञार्थाचे एकच रूप निवडा

मराठीत आपण 'झाकण काढ', 'झाकण काढा' आणि 'झाकण काढावे' यांतून निवड करतो. स्पॅनिशमध्ये अशीच निवड तीन रूपांत असते. जवळिकीचे संबोधन योगायोगाने आपल्यासारखेच तू आहे, आदराचे संबोधन उस्तेद आहे, आणि तिसरे रूप म्हणजे धातूचे मूळ रूप, जे स्पेनमधील अनेक पुस्तिकांत सूचना म्हणून छापलेले दिसते. नव्या माणसाने उस्तेदचे रूप घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामागे शिष्टाचारापेक्षा सुरक्षेचे कारण मोठे आहे.

'फिरवणे' या अर्थाचे क्रियापद हिरार आहे. तूचा आज्ञार्थ हिरा होतो, पण 'तो फिरतो' किंवा 'ते फिरते' यासाठीही हिरा हेच रूप वापरतात, आणि स्पॅनिशमध्ये कर्ता क्रियापदानंतर येऊ शकतो. त्यामुळे हिरा ला हार्रा हे वाक्य 'भांडे फिरव' असेही वाचता येते आणि 'भांडे फिरते' असेही. उस्तेदचे हिरे हे रूप वाक्याच्या सुरुवातीला आले की ती सूचना आहे याबद्दल शंका उरत नाही. दुसरा फायदा नकारात दिसतो. तूसाठी होकारी आज्ञार्थ वेगळा आणि नकारी वेगळा असतो. उस्तेदसाठी दोन्ही सारखेच, फक्त आधी नो येतो. आर-अंती क्रियापदांना शेवटी ए लागतो आणि एर किंवा इर-अंती क्रियापदांना आ लागतो: रेतिरारचे रेतिरे, सुमेर्हिरचे सुमेर्हा, बेर्तेरचे बिएर्ता. अर्जेंटिनासारख्या देशांत तूच्या जागी बोस वापरतात, पण उस्तेद सगळीकडे एकसारखा समजतो, त्यामुळे पुढे दुसऱ्या देशासाठी आवृत्ती काढताना क्रियापदांना हात लावावा लागत नाही.

धातूचे मूळ रूप ग्राहकाच्या जुन्या पुस्तिकांत असेल आणि त्याला तेच हवे असेल, तर तेही चालते. मात्र एका पुस्तिकेत दोन रूपे मिसळू देऊ नयेत. पहिली पायरी 'फिरवावे' आणि दुसरी 'काढा' असे झाले की वाचकाला एक सल्ला आणि दुसरी आज्ञा वाटू लागते.

आपल्याकडच्या इंग्रजी पुस्तिकांत 'शुड' फार असतो: 'द लिड शुड बी क्लोज्ड'. त्याचे भाषांतर देबेरिया असे केले तर ते 'बंद केलेले बरे' इतके सौम्य होते. झाकण बंद करणे ही अट असेल तर सरळ सिएर्रे ला तापा, 'झाकण बंद करा', असे लिहावे. देबे म्हणजे बंधन, पण देबे दे म्हणजे 'बहुधा असेल' असा अंदाज. हे छोटे दे सुरक्षेच्या वाक्यात चुकून शिरू देऊ नये. 'अव्हॉइड'चेही तसेच. 'गरम पदार्थ टाळा' असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ 'टाकूच नका' आहे की 'काळजी घ्या' आहे, हे ग्राहकाला विचारावे. भांड्यात गरम रस्सा टाकून मिक्सर चालू केला की अचानक वाफ होऊन तो झाकणासकट उसळू शकतो, म्हणून येथे शब्दाची तीव्रता ठरवणे हे शैलीचे काम नाही.

सर्वनामांबद्दल एक सवय लावून घ्यावी. हार्रा, तापा, कुचिया, क्लाबिहा आणि बासे हे सगळे शब्द स्त्रीलिंगी आहेत. इंग्रजी 'इट'च्या जागी स्पॅनिश ला वापरला की तो या पाचांपैकी कोणालाही लागू होतो. 'झाकण बंद करून भांडे बसवा आणि ती फिरवा' असे वाचले तर काय फिरवायचे? म्हणून सर्वनाम न वापरता नाम पुन्हा लिहावे. वाचायला थोडे जड वाटले तरी हरकत नाही.

'पाते थांबेपर्यंत' यासारख्या वाक्यांत आस्ता केनंतर न घडलेल्या गोष्टीसाठी सब्जंक्टिव्ह रूप येते. से देतेन्गा बरोबर. से देतिएने लिहिले तर ते नेहमी घडणाऱ्या गोष्टीचे वर्णन होते आणि थांबून राहण्याची सूचना हरवते. मराठीतून किंवा इंग्रजीतून विचार करणाऱ्याचे हे रूप हमखास चुकते, म्हणून शेवटी आस्ता के आणि क्वान्दो शोधून प्रत्येक वाक्य तपासावे.

इशाऱ्यांची श्रेणी मोडू नका

इशाऱ्यांचे चार शब्द असतात आणि त्यांना ठरलेला अर्थ असतो. टाळले नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच असेल तर पेलिग्रो, होऊ शकत असेल तर आद्बेर्तेन्सिया, किरकोळ किंवा मध्यम इजेसाठी प्रेकाउसिओन किंवा आतेन्सिओन, आणि केवळ वस्तूच्या नुकसानीसाठी आबिसो. तिसऱ्या पातळीसाठी दोनपैकी एक शब्द ग्राहकाशी ठरवून तोच शेवटपर्यंत ठेवावा. मोठ्या अक्षरांतही स्वरचिन्हे गाळायची नसतात, आणि उद्गारचिन्ह वापरले तर ते उलटे होऊन वाक्याच्या सुरुवातीलाही यायला हवे.

काही सुरक्षावाक्ये आपण नव्याने घडवायचीच नसतात. घरगुती उपकरणांच्या सुरक्षेचे आयईसी ६०३३५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि स्वयंपाकघरातील यंत्रांसाठी त्याचा २-१४ हा भाग आहे. तार खराब झाल्यास ती कोणी बदलावी, यंत्र लक्ष न देता सोडताना किंवा साफ करताना पुरवठा तोडावा, धारदार पाती हाताळताना काळजी घ्यावी, अशी वाक्ये त्यातून येतात. स्पेनमध्ये हीच मानके यूएनई-ईएन या नावाने स्पॅनिशमध्ये उपलब्ध आहेत. इंग्रजी पुस्तिकेतील वाक्य मानकातून घेतलेले आहे असे दिसले, तर ग्राहकाकडे अधिकृत स्पॅनिश मजकूर मागावा आणि तो जसाच्या तसा वापरावा. येथे आपली संज्ञासूची बाजूला ठेवावी लागली तरी चालेल. मानकातला शब्द वेगळा असेल तर उलट सूचीच त्यानुसार बदलता येते का, ते पाहावे.

एक परिच्छेद पूर्ण करून पाहू

मूळ इंग्रजी परिच्छेदाचा आशय असा आहे, असे धरू: भांडे काढण्यापूर्वी युनिट मेन्समधून बंद असल्याची आणि पाती पूर्ण थांबल्याची खात्री करावी, भांडे उलट दिशेने फिरवून उचलावे, आणि ते पाण्यात बुडवू नये.

यातले शेवटचे 'ते' म्हणजे काय? व्याकरणाने पाहिले तर भांडे, पण भांडे तर धुवायचेच आहे. अर्थातच लेखकाला मोटरचा भाग म्हणायचे आहे. हा प्रश्न ग्राहकाला विचारून खात्री करून घ्यायची. 'मेन्समधून बंद' याचे स्पेनसाठी 'पिन काढा' होते. 'खात्री करावी' हे वाक्य एका कृतीऐवजी एक अवस्था सांगते, त्यामुळे त्याची दोन कृतींत फोड करायची. पाते कधी थांबते हे वाचकाला दिसले पाहिजे, म्हणून थांबण्याची वेगळी पायरी. इशारा शेवटी होता, तो पहिल्या पायरीच्या आधी आणायचा, कारण लोक पायऱ्या वाचता वाचताच करतात. आणि नकारानंतर इंग्रजी 'ऑर'च्या जागी स्पॅनिशमध्ये नि येतो, नाहीतर 'यांपैकी एक तरी बुडवू नका' असा विचित्र अर्थ डोकावतो. स्पेनसाठीचे रूप असे:

```
ADVERTENCIA: Riesgo de descarga eléctrica.
No sumerja la base motor, el cable ni la clavija
en agua ni en ningún otro líquido.

1. Gire el mando a la posición «0».
2. Desenchufe el aparato.
3. Espere hasta que la cuchilla se detenga por completo.
4. Gire la jarra en sentido antihorario.
5. Levante la jarra de la base motor.
```

मूळ एका वाक्याच्या पाच पायऱ्या झाल्या, आणि प्रत्येकीची सुरुवात क्रियापदाने होते. चौथ्या पायरीत 'घड्याळाच्या काट्यांच्या उलट' असे लिहिता आले असते, पण काट्यांना स्पेनमध्ये आगुहास आणि मेक्सिकोत मानेसियास म्हणतात. सेन्तिदो आन्तिओरारियो दोन्हीकडे समजतो. याच मजकुराची मेक्सिकोसाठी आवृत्ती करताना मान्दोचे पेरिया होते, हार्राचे बासो होते, दुसरी पायरी 'क्लाबिहा कोन्ताक्तोमधून काढा' अशी लिहिली जाते आणि बाकीचे तसेच राहते. बासो पुल्लिंगी असल्याने त्याच्या आधीचा ला मात्र एल करायला, आणि पेरिया स्त्रीलिंगी असल्याने तिच्या आधीचा एल ला करायला विसरू नये. संज्ञा शोधून बदलणाऱ्या माणसाची ही चूक नेहमी होते, आणि सूचीतला लिंगाचा रकाना यासाठीच असतो.

स्पॅनिश मजकूर इंग्रजीपेक्षा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा अधिक जागा घेतो. पानावर ते खपून जाते, पण यंत्राच्या तळाशी चिकटवायच्या छोट्या लेबलावर खपत नाही. जागा कमी पडली तर ग्राहकाने आपण होऊन शब्द तोडू नयेत, म्हणून लेबलांचा मजकूर वेगळ्या यादीत, प्रत्येकाच्या कमाल अक्षरसंख्येसह, सुरुवातीलाच मागून घ्यावा. आकड्यांत स्पेनला दशांशासाठी स्वल्पविराम आणि मेक्सिकोला बिंदू: दीड लिटरचे भांडे स्पेनसाठी 1,5 l आणि मेक्सिकोसाठी 1.5 L. एकक आणि आकडा यांच्यामध्ये जागा सोडावी.

तपासणी

पहिली तपासणी शब्दांची. न वापरायच्या रकान्यातील प्रत्येक शब्द पूर्ण फाइलमध्ये शोधावा. रेमुएबा, एन्चुफे, देबेरिया, देबे दे यांतील एकही रूप विनाकारण राहिलेले नसावे. मग उलट दिशेने, प्रत्येक ठरवलेली संज्ञा शोधून ती चित्रातल्या त्याच क्रमांकाशी जुळते का ते पाहावे. ही तपासणी कंटाळवाणी असली तरी ती दुसऱ्या दिवशी, ताज्या डोळ्यांनी करावी.

दुसरी तपासणी हातांची. इंग्रजी मूळ न पाहिलेल्या, स्पॅनिश वाचता येणाऱ्या माणसाला पुस्तिका द्यावी, समोर पिन काढलेला मिक्सर ठेवावा आणि त्याला फक्त पायऱ्या वाचून करायला सांगावे. आपण काही समजावून सांगू नये. तो जेथे थांबेल, प्रश्न विचारेल किंवा चुकीच्या भागाला हात लावेल, ती ओळ दुरुस्त करायची. मुंबईत मूळ स्पॅनिश भाषक शोधणे नेहमी सोपे नसते. व्हिडिओ कॉलवर त्या देशातील माणसाकडून हे करून घेता येते, आणि तेही जमले नाही तर निदान दुसऱ्या स्पॅनिश विद्यार्थ्याकडून पायऱ्यांची चाचणी घ्यावी. मात्र छपाईपूर्वी भाषेची अंतिम नजर त्या देशातल्या भाषकाचीच हवी, असा आग्रह ग्राहकाकडे धरावा आणि त्याचा खर्च कामाच्या अंदाजपत्रकात सुरुवातीलाच लिहावा.

शेवटी काम सोपवताना फाइलसोबत संज्ञासूची, ग्राहकाने उत्तरे दिलेली प्रश्नावली आणि मानकातून जशीच्या तशी घेतलेली वाक्ये अशी तीन वेगळी कागदपत्रे द्यावीत. छपाईचा प्रूफ परत आल्यावर पुन्हा एकदा फक्त इशारे, आकडे आणि चित्रांचे क्रमांक मूळ फाइलशी ताडून पाहावेत, कारण पानांची मांडणी करणारा माणूस स्पॅनिश जाणत नसेल तर एखादी ओळ दुसऱ्या चौकटीत गेलेली त्याच्या लक्षात येत नाही.